चिऊची बाटली काय म्हणाली: शाळेच्या पहिल्या दिवसाच्या निरोपाच्या कामाच्या नोंदी

२ जून, सोमवार

सूनबाईचा फोन आला. नातीची शाळा १६ तारखेला सुरू होतेय. म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवसासाठी तुम्ही तिला काहीतरी लिहून पाठवा ना. मी वाचून दाखवीन." लगेच हो म्हटलं. नात साडेतीन वर्षांची आहे, घरात सगळे तिला चिऊ म्हणतात. आम्ही दोघं त्यांच्यापासून लांब राहतो, त्यामुळे त्या सकाळी मी तिथे नसणार. शब्द माझे असतील आणि आवाज तिच्या आईचा.

काम लहान दिसतंय, पण नीट करायचं आहे म्हणून वही उघडली. काय लिहिलं, काय खोडलं आणि का खोडलं, ते इथे उतरवून ठेवणार.

संध्याकाळी एका बैठकीत पहिला खर्डा झाला. सुरुवात अशी:

"प्रिय चिऊ, उद्या तुझ्या आयुष्यातला एक महत्त्वाचा दिवस आहे. तू आता मोठी झालीस. आम्हा सगळ्यांना तुझा खूप अभिमान वाटतो. शाळेत तुला नवे मित्र मिळतील, नव्या गोष्टी शिकायला मिळतील. अजिबात घाबरू नकोस, रडू नकोस…"

एकूण २३० शब्द. घड्याळ समोर ठेवून मोठ्याने वाचलं, दोन मिनिटं दहा सेकंद लागली. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. वाचून झाल्यावर हिला विचारलं, कसं वाटलं? ही म्हणाली, "सुरेख आहे. पण हे चिऊच्या बाबाला पाठवा."

३ जून, मंगळवार

हिचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं आणि ते खरं आहे. कालचा खर्डा चिऊशी बोलतच नाही. तो चिऊच्या डोक्यावरून तिच्या आईबाबांशी बोलतो. चिऊ अंथरुणात बसून ऐकेल आणि दुसऱ्या वाक्याला चादरीचा दोरा ओढायला लागेल.

मग प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावली. या वाक्यातली वस्तू चिऊला बोटाने दाखवता येईल का? नाहीतर ती करून दाखवता येईल का, किंवा तिचा आवाज काढता येईल का? तिन्हींपैकी एकही जमत नसेल तर वाक्य बाद. आयुष्य दाखवता येत नाही. महत्त्वाचा दिवस दाखवता येत नाही. अभिमानाचा आवाज निघत नाही. २३० शब्दांतून शिल्लक राहिले ते बूट, दप्तर, पाण्याची बाटली, बाई, डबा आणि आई. एवढंच सामान. पण पुरेल असं वाटतं.

"घाबरू नकोस, रडू नकोस" हे मात्र वेगळ्या कारणाने काढलं. मराठीत नकार शेवटी येतो. आधी "घाबरू" ऐकू येतं, आधी "रडू" ऐकू येतं, आणि "नकोस" मागून हळूच येतं. मोठ्या माणसाला पूर्ण वाक्य एकदम समजतं. लहान मुलाने पहिला शब्द पकडला की पुढचं निसटतं. आणि हिने आणखी एक मुद्दा काढला, तो मला सुचलाच नव्हता. "अहो, तिने अजून घाबरायचं ठरवलेलं नाही. तुम्ही कशाला सुचवता?"

थोडा वेळ असंही वाटलं की लिहिण्यापेक्षा माझ्याच आवाजात बोलून पाठवावं. नको. फोनमधला आवाज तिच्यासाठी थांबत नाही. ती मध्येच काही म्हणाली तरी तो पुढे धावतच राहतो. आई वाचताना थांबू शकते, हसू शकते, तिच्या तोंडाकडे बघू शकते. लिहायचंच.

पण आई वाचणार म्हटल्यावर "मी" हा शब्द अडचणीचा होतो. आईच्या तोंडून "मी तुला फोन करीन" ऐकलं तर फोन कोण करणार? चिऊच्या कानाला तो आईचाच "मी". म्हणून निरोपात "मी" कुठेही नाही. "आजोबा विचारणार", "आजोबांचा निरोप" असं लिहायचं. तीही अजून स्वतःबद्दल बोलताना कधी कधी "चिऊला पाहिजे" म्हणते, तेव्हा तिला हे परकं वाटणार नाही.

५ जून, गुरुवार

दोन दिवस एका छोट्या शब्दाशी झगडतोय. दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं होतं, "आपण उद्या शाळेत जाऊ." ऐकायला किती प्रेमळ! पण "आपण" म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघंही. आईच्या तोंडी हे वाक्य आलं की आईही शाळेत बसणार असा त्याचा सरळ अर्थ होतो. फाटकाशी आई हात सोडवून घेईल तेव्हा चिऊच्या दृष्टीने आईने शब्द मोडला. आपण तो शब्द सवयीने वापरतो, "आपण आता दूध पिऊ" म्हणतो आणि पितं एकटं मूल. घरात ते चालतं, कारण आई समोरच असते. फाटकाशी चालणार नाही.

मग "आम्ही" घालून पाहिलं. "आम्ही सगळे घरी तुझी वाट बघत बसू." हे तर आणखी वाईट निघालं. "आम्ही" म्हणजे तुला सोडून बाकीचे. म्हणजे सगळे घरी मजेत बसलेत आणि एकटी चिऊ बाहेर. साडेतीन वर्षांचं मूल यावर एकच गोष्ट म्हणेल: मग मी पण घरी.

दोन्ही काढले. "तू"सुद्धा कमी केला. आता चिऊ स्वतःच गोष्टीतली नायिका आहे. "चिऊ निघाली." यात ती कुणाला सोडून जात नाही, कुणी तिला सोडत नाही, ती निघते. हे एक वाक्य सापडलं आणि काम कुठल्या दिशेने जायचं ते कळलं. पत्र लिहायचं नाही, चिऊची छोटीशी गोष्ट लिहायची.

७ जून, शनिवार

आज सूनबाईला फोन करून एकेक गोष्ट विचारून घेतली. निरोपात जे जे लिहीन ते १६ तारखेला तसंच घडायला हवं. नाही घडलं, तर पुढच्या निरोपावर चिऊ का विश्वास ठेवील?

माझ्या खर्ड्यात होतं: "चार तासांनी आई येईल." चार तास तिला कळत नाहीत. तिला "उद्या" कळतं ते "झोपून उठल्यावर" एवढंच. तिला कळतो क्रम. हे झालं की ते, ते झालं की आई. म्हणून तासांच्या जागी क्रम लिहिला: गाणं, खेळ, डबा, गोष्ट, आई.

सूनबाईने शाळेत विचारून सांगितलं की पहिले तीन दिवस शाळा दीड तासच आहे. गाणं आहे, खेळ आहे, डबा आहे. गोष्ट पुढच्या आठवड्यापासून. बरं झालं विचारलं. नाहीतर डबा झाल्यावर आई आली असती आणि चिऊ गोष्टीसाठी अडून बसली असती. किंवा त्याहून वाईट, गोष्ट झाली नाही म्हणजे अजून आई यायची नाही असं धरून बसली असती. "गोष्ट" खोडलं.

न्यायला कोण येणार? आई. नक्की? नक्की, तीन दिवस तिने रजा टाकली आहे. उभी कुठे राहणार? मी "दारात" लिहिलं होतं. सूनबाई म्हणाली, पालकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, बाई फाटकापर्यंत येऊन मुलांना घेतात. म्हणून "फाटकात".

मग तिने जरा चाचरत विचारलं, "बाबा, ती खेळात रमली की मी हळूच निघून येऊ का? सगळे तसंच करा म्हणतात." फाटकाच्या आत जाता येत नाही, त्यामुळे प्रश्न तसा सुटलेलाच होता. तरी पाठ वळल्यावर निसटायचं नाही, असं मी तिला म्हटलं. मूल रमतं, मागे वळून बघतं, आई नाही. मग दुसऱ्या दिवशी ते रमायचंच टाळतं, कारण रमलं की आई नाहीशी होते. रडली तरी चालेल, पण टाटा दिसला पाहिजे. आणि तो निरोपातच लिहून टाकला: "आईला टाटा." दोनच शब्द, पण ते चिऊइतकेच तिच्या आईसाठीही आहेत.

८ जून, रविवार

आज लय. मोठ्याने वाचायचं म्हणजे ठेका हवा, नाहीतर लहान मूल ऐकत नाही. जुन्या सवयीने बोटांवर अक्षरं मोजून आठ-आठची जोडी केली:

"चिऊ शाळेला निघाली,
पायी बूट, पाठी ओझे."

कागदावर आठ आणि आठ. हिला वाचायला दिलं. पहिली ओळ सरळ गेली, दुसरीत ती "बूट"पाशी अडखळली. पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच. कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं की अक्षरं मोजून चालत नाही. "बूट" लिहिताना दोन अक्षरं, पण बोलताना शेवटचा अ आपण गिळतो, म्हणून तोंडात तो एकच ठोका. गाताना तो अ ओढून पूर्ण करता येतो, म्हणून ओवी गायली की बरोबर बसते. सूनबाई गाणार नाही, ती बोलल्यासारखं वाचणार. तेव्हा बोटं बंद, टाळ्या सुरू. जितके ठोके टाळीत पडतील तितकेच खरे.

टाळ्यांवर हे बसलं:

"टप टप बूट.
खळ खळ बाटली.
डुग डुग दप्तर."

लिहिताना पहिल्या ओळीत सहा अक्षरं, बोलताना तीन ठोके. खालच्या दोन्हींत चार-चार. पहिली एका ठोक्याने आखूड आहे, पण तिथे वाचणारी श्वास घेते आणि चौथा ठोका त्या श्वासात जातो. ही आता वाचताना कुठेच अडखळत नाही. चौथ्या वेळी तर कागदाकडे न बघता म्हणाली.

"ओझे" गेलं, हे बरंच झालं. दप्तराला पहिल्याच दिवशी ओझं कशाला म्हणायचं! नव्या दप्तराचं तिला भारी कौतुक आहे, ते घेऊन ती झोपते म्हणे.

१० जून, मंगळवार

आज चाचणी. शेजारचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या आईला विचारून त्याला बोलावलं आणि चिऊच्या जागी त्याचं घरचं नाव घालून वाचून दाखवलं. या एका चाचणीत जेवढं कळलं तेवढं आठवडाभर वहीत डोकं घालून कळलं नव्हतं.

सुरुवातीला मी तीन वेडे प्रश्न घातले आहेत. बूट कुठे घालायचे, डोक्यावर? दप्तर कुठे अडकवायचं, नाकावर? बाटली कुठे ठेवायची, बुटात? मोठं माणूस चुकतंय आणि आपल्याला बरोबर माहीत आहे, यापेक्षा मोठा आनंद या वयात नाही. "डोक्यावर?" म्हटल्याबरोबर तो "नाहीऽऽ!" असा ओरडला की आतून ही बाहेर आली. नाकावर, "नाहीऽऽ!" बुटात, "नाहीऽऽ!" पोट धरून हसत होता. मी खूश होऊन पुढची ओळ वाचली: "मग, शाळेत जायचं ना?"

"नाहीऽऽ!"

तितक्याच आनंदाने. त्याच्या मनात शाळेबद्दल काहीच वाईट नव्हतं. खेळ चालला होता, खेळात उत्तर "नाही" होतं, त्याने ते दिलं. पण चिऊ हेच म्हणाली असती तर? एकदा तोंडून निघालं की मुलं त्याला धरून बसतात, आणि मग आदल्या रात्री "असं का म्हणतेस" वरून समजूत काढणं सुरू. मी स्वतः तिला "नाही"च्या घसरगुंडीवर बसवून शाळेत जायचं का म्हणून विचारत होतो. तो प्रश्न काढलाच. शाळेत जायचं की नाही हे तिला विचारायचंच नाही, कारण तिच्या उत्तराने ते बदलणार नाही. ज्याचं "नाही" हे उत्तर आपण ऐकून घेणार नाही, तो प्रश्न विचारणं खोटं आहे.

दुसरी गोष्ट बाटलीची. "खळ खळ बाटली, आणि निघाला शाळेला" असं वाचलं तर तो म्हणाला, "खळ खळ नाही होत."

"का रे?"

"आई फुल्ल भरते."

११ जून, बुधवार

सकाळी पहिलं काम बाटलीचं केलं. स्वयंपाकघरातली बाटली काठोकाठ भरली, झाकण लावलं, हलवली. आवाज नाही. एक पेलाभर पाणी काढलं, हलवली. खळ खळ. पोराचं बरोबर होतं. पाण्याला हलायला आत मोकळी जागा लागते, काठोकाठ भरलेल्या बाटलीत ती नसते.

चूक दुरुस्त करायला बसलो आणि त्यातून या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट हाती लागली. जाताना बाटली भरलेली, म्हणून गप्प. शाळेत चिऊ पाणी पिणार. येताना बाटली खळ खळ. म्हणजे बाटलीच सांगते की मधे काहीतरी घडलं! जातानाच्या आणि येतानाच्या ओळी आता सारख्या नाहीत, बाटलीपुरत्या बदलतात, आणि तो बदल चिऊला स्वतःच्या कानाने तपासता येतो. शिवाय "शाळेत पाणी पी हं" हे न सांगता सांगून झालं.

आणखी एक गाठ सुटली. संध्याकाळी फोनवर तिला काय विचारायचं, हे मला सुचत नव्हतं. "शाळा कशी होती?" या प्रश्नाला लहान मुलं "छान" म्हणतात किंवा फोन टाकून पळतात. प्रश्न फार मोठा आहे, कुठून उत्तर सुरू करायचं ते त्यांना कळत नाही. त्याऐवजी "बाटली काय म्हणाली?" असं विचारता येईल. याला उत्तर आहे, ते एका शब्दाचं आहे, आणि त्या शब्दामागून बाकीचं आलं तर येईल.

निरोपाचा शेवट या प्रश्नाने करायचा ठरवला. म्हणजे दिवसाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी तिची वाट बघत असेल.

१३ जून, शुक्रवार

सूनबाईबरोबर फोनवर तालीम. चिऊ झोपल्यावर.

जिथे चिऊच्या उत्तरासाठी थांबायचं तिथे मी कंसात "थांबा" लिहिलं होतं. सूनबाईने पहिल्या वाचनात तो शब्द वाचूनच टाकला: "डोक्यावर? थांबा. नाही नाही!" वाचणाऱ्याचं लक्ष लयीत असतं, समोर शब्द आला की तोंड तो म्हणतंच. सूचना शब्दात द्यायचीच नाही. तिथे आता तीन ठिपके आहेत. तीन ठिपके दिसले की मनात एक ते पाच मोजायचं.

पाच जास्त होतात असं तिला वाटलं. परवा मीही दोनच मोजून पुढे जात होतो, आणि शेजारचा मुलगा तोंड उघडतो न उघडतो तोच उत्तर मीच देऊन बसायचो. आपल्याला ती शांतता लांब वाटते. मुलाला तेवढ्यात प्रश्न ऐकायचा असतो, चित्र डोळ्यासमोर आणायचं असतं, हसायचं असतं आणि मग बोलायचं असतं. पाच मोजूनही ती बोलली नाही तर खुशाल पुढे जायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. परीक्षा होता कामा नये.

ओळी आखूड ठेवल्या आहेत, एका ओळीत जास्तीत जास्त चार शब्द. एक ओळ, एक श्वास. फोनच्या पडद्यावरही त्या मधेच तुटत नाहीत.

कधी वाचायचं यावर थोडी चर्चा झाली. सूनबाईचा विचार सकाळी निघताना वाचायचा होता. सकाळी घाई असेल, एक मोजा सापडत नसेल, अशा वेळी पाच-पाच मोजत कोण थांबणार? पूर्ण निरोप आदल्या रात्री अंथरुणात. सकाळी बूट घालताना त्यातल्या फक्त चार ओळी, "टप टप बूट"पासून "चिऊ निघाली शाळेला"पर्यंत. रात्रीच्या ओळखीमुळे त्या सकाळी तिच्याही तोंडी येतील. त्याआधी चार-पाच दिवस रोज वाचायला मात्र मी नको म्हटलं, उगाच शाळेचा बाऊ होतो.

शेवटची सूचना: बाटली काठोकाठ भरायची. अर्धा पेलाही कमी नाही.

१४ जून, शनिवार

पक्का मजकूर. सकाळी पाठवला.

चिऊ, चिऊ, ऐक गं!
आजोबांचा निरोप आला.

बूट कुठे घालायचे?
डोक्यावर?
•••
नाही नाही! पायात, पायात!

दप्तर कुठे अडकवायचं?
नाकावर?
•••
नाही नाही! पाठीवर, पाठीवर!

बाटली कुठे ठेवायची?
बुटात?
•••
नाही नाही! दप्तरात, दप्तरात!

टप टप बूट.
डुग डुग दप्तर.
गप्प बाटली.
चिऊ निघाली शाळेला.

फाटकात बाई.
"ये चिऊ, ये!"
आईला टाटा.
आधी गाणं.
मग खेळ.
मग डबा.
मग कोण?
•••
आई!

टप टप बूट.
डुग डुग दप्तर.
आणि बाटली?
•••
खळ खळ खळ!

संध्याकाळी आजोबांचा फोन.
आजोबा विचारणार:
बाटली काय म्हणाली?

७७ शब्द झाले. ठिपक्यांसकट सावकाश वाचलं तर दीड मिनिट. पहिल्या खर्ड्यातला "आजोबांचा निरोप" हा विचार सोडला तर त्यातलं काहीच उरलेलं नाही. "अभिमान" कुठेही नाही, "खूप प्रेम"ही नाही. हिने विचारलं, "शेवटी पापा तरी लिहायचा." लिहिणार होतो. पण मग शेवटचा आवाज निरोप घेण्याचा झाला असता, आणि मला शेवट प्रश्नावर हवा आहे. पापा सूनबाई देईल, तो तिच्या हातातला आहे.

१५ जून, रविवार

रात्री साडेनऊला सूनबाईचा संदेश आला. तीन वेळा वाचून घेतलं. "नाकावर"ला सगळ्यात जास्त हसली. दुसऱ्या वेळी तिने स्वतःच प्रश्न बदलला: "दप्तर कुठे, बाबाच्या नाकावर?" आणि बाबाच्या नाकाला खरंच दप्तर अडकवायला गेली. "मग कोण?" ला पहिल्या वेळी "आजोबा!" म्हणाली.

हे मी धरलंच नव्हतं. निरोप आजोबांचा, सुरुवातीला नाव आजोबांचं, तेव्हा फाटकात आजोबा येणार असं तिला वाटणं साहजिक आहे. सूनबाईने घाईने "आई, आई" म्हणून सावरलं आणि पुढच्या दोन्ही वाचनांत ती "आई" म्हणाली. तरी मनाला चुटपुट लागली. "मग कोण?" च्या आधी "फाटकात आई" असं एकदा सरळ सांगून टाकायला हवं होतं. शेजारच्या मुलाकडून हे कळलं नसतं, कारण त्याच्यासाठी मी कुणाचाच आजोबा नव्हतो.

१६ जून, सोमवार

सकाळी आठ वाजता फोन उचलला आणि परत ठेवला. त्यांना सुखाने निघू दे.

साडेदहाला सूनबाईने कळवलं. बूट घालताना चारही ओळी चिऊने स्वतः म्हटल्या. रस्ताभर दप्तर हलवून बाटली गप्प आहे का ते तपासत होती. फाटकाशी बाईंना बघून आईच्या मागे लपली. आईने टाटा केला, तेव्हा रडली. बाईंनी हात धरून आत नेलं, तेव्हाही रडत होती. सूनबाई बाहेर उभी राहिली, पाच-सात मिनिटांनी आवाज थांबला. डबा झाला, फाटक उघडलं, आई तिथेच होती.

संध्याकाळी सहाला फोन केला. ठरल्याप्रमाणे दुसरं काहीच विचारलं नाही.

"चिऊ, बाटली काय म्हणाली?"

"गप्प."

मला क्षणभर काय बोलावं कळेना. म्हणजे दिवसभरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही? रडून रडून घसा सुकला असेल, आणि तरी?

"गप्प? खळ खळ नाही?"

"नाही! आजोबा, संपलं पाणी! सगळं प्याले!"

आणि तिथून सुरू झाली. बाईंची बाटली निळी आहे, एका मुलाची बाटली सांडली, त्याचा मोजा ओला झाला, तो पण रडला, मग चिऊने त्याला आपली बाटली दाखवली, ती पण गप्प होती. अकरा मिनिटं बोलली. मधेच फोन आईकडे गेला तर परत हिसकावून घेतला.

उद्यासाठी चार ओळी पाठवायला सांगितल्या आहेत, त्यात रिकामी बाटली हवी म्हणते. आता वही मिटून त्यालाच बसतो.